डब्यातलं जेवण

माझी भाची मिरा तेव्हा दहा वर्षांची होती आणि दिसायची सातची. दोन वर्षं तिचं पोट दुखत होतं. जेवलं की दुखायचं, म्हणून ती जेवायचंच टाळायची. संध्याकाळी बारीक ताप यायचा, जुलाब तर ठरलेलेच. आधी इथल्या डॉक्टरांनी आतड्याचा क्षय म्हणून इंजेक्शनं टोचली. वर्षभर पोरीची चाळण झाली आणि गुण काडीचा आला नाही. संतरामदादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गप्प माणूस. तो शेतातून आला की आधी पोरीकडे बघायचा आणि मग पाय धुवायचा. शालू वहिनी मात्र दिवसभर स्वतःलाच बोल लावायची.

मी डोंगरकड्याच्या शाळेत मास्तरीण होते आणि भावाच्याच घरी राहत होते. माझी जीभ तिखट आहे, हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. मीच दादाला म्हणाले, "आता इथल्या सुया पुरे. नांदेडला चल." अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर आम्ही वारंगा फाट्यावरून एसटी धरली आणि पोरीला नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे लहान मुलांचे डॉक्टर होते मोहनसिंग. उंच, पगडीवाले, नांदेडचेच. विलायतेत शिकून नुकतेच परतले होते. त्यांनी मिराला बेरियमचं पांढरं औषध पाजून पोटाचे फोटो काढले, खालून दुर्बीण घातली, आणि मग आम्हाला समोर बसवलं. "हा क्षय नाही," ते म्हणाले. "लहान आतड्याचं शेवटचं टोक सुजलंय. आतून जखमा आहेत, वाट अरुंद झालीय. याला क्रोनचा आजार म्हणतात. पुन्हा पुन्हा उसळतो. पण दाबून शांत करता येतो."

"गोळ्या द्या की मग," दादा म्हणाला.

"गोळ्या आहेत. त्यानं सूज उतरते, पण लेकराची उंची थांबते. आधीच किती लहान राहिलीय बघा. दुसरा रस्ता इथल्या सर्जन साहेबांचा, तेवढं आतडं कापायचं. तिसरा रस्ता मी विलायतेत पाहिलाय." त्यांनी टेबलाखालून एक पांढरा डबा काढला. त्यांच्या तिकडच्या गुरूंनी पाठवलेल्या डब्यांपैकी तो एक. आत पीठ होतं. "हेच तिचं जेवण. सहा आठवडे हेच. आपण जे खातो ते पोटात फोडून बारीक करावं लागतं. हे आधीच फोडलेलं आहे. आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं, खाली सुजलेल्या जागी जवळपास काही पोचत नाही. तिला आराम मिळतो, अंगालाही पोषण मिळतं."

"म्हंजे याच्यानं जखम भरते?" मी विचारलं.

"पुष्कळांची भरते. नेमकं कसं, ते मलाही सगळं ठाऊक नाही. आतड्याला चिडवणारं काहीतरी जेवणात असतं आणि ते बंद होतं, असं वाटतं." हे मला आवडलं. सगळं ठाऊक असल्याचा आव आणणारे डॉक्टर आम्ही दोन वर्षं पाहिले होते. पुढे कैक वर्षांनी मी ऐकलं, की या जेवणानं आतड्यातले जंतूच बदलतात, त्याचाही गुण असतो म्हणे. तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग डॉक्टर सावकाश, एकेक शब्द दाबून बोलले. "अन्न बंद. हे आणि उकळून गार केलेलं पाणी, बास. मध्येच काही खाल्लं तर सगळी मेहनत वाया."

शालू वहिनीनं पदर तोंडाला लावला. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "वन्सं, लेकराचं अन्न बंद, मंग माझ्या घशाखाली कसं उतरल? मी नागनाथाला बोलले. मिरा जेवंपर्यंत मीबी अन्न शिवणार न्हाई." औंढ्याच्या नागनाथावर तिची फार श्रद्धा. मी म्हटलं, कर बाई, तेवढंच मनाला बरं वाटत असेल तर कर. आईनं लेकीसाठी उपास धरला, यात मला काही वावगं दिसलं नाही. तुम्हाला तरी दिसलं असतं का?

दवाखान्यातले पहिले दिवस वाईट गेले. पीठ कालवलेल्या त्या पाण्याचा वास असा की मिरा पहिल्याच घोटाला ओकली. मग नाकातून बारीक नळी घातली आणि थेंबथेंब सोडलं. सुरुवातीला पातळ, मग रोज थोडं घट्ट. एकदम घट्ट दिलं तर जुलाब होतात, नर्सबाई म्हणाल्या. आठवड्याभरात संध्याकाळचा ताप गेला. पोटावर हात ठेवून झोपायची सवय गेली. शौचाला दोनतीन दिवसांनी व्हायचं, तेही थोडंसं, हिरवट. वहिनी घाबरली, "आतडं वाळलं का काय?" डॉक्टर हसले. "खाली जाण्यासारखं उरतंच काय? हे असंच असतं." हळूहळू नाक दाबून, छोट्या घोटांनी ती ते पाणी प्यायला शिकली आणि डॉक्टरांनी आम्हाला डबे देऊन घरी सोडलं.

घरी पाणी करायचं काम माझं. पाणी उकळायचं, गार करायचं, मोजून पीठ टाकायचं, गुठळी राहू द्यायची नाही. माठातल्या गार पाण्यात तांब्या ठेवायचा, म्हणजे वास जरा मरतो. फार वेळ ठेवलं तर नासतं, म्हणून थोडं थोडं करायचं. सकाळी शाळेत जाण्याआधी मी दुपारपुरतं करून वहिनीच्या ताब्यात द्यायचे. गावात तर बोभाटा झाला होता. चतुराबाई, आमच्या शेजारची, रोज यायची आणि म्हणायची, "पोरीला उपाशी मारून राहिलेत की वो तुमी." मी एकदा तिला दारातूनच वाटेला लावलं.

सुरुवातीला सगळं बराबर चाललं. मिराच्या गालावर थोडा रंग आला. मग एक दिवस तांब्यात पाणी उरू लागलं. "पोट भरलंय आत्या," ती म्हणायची. मला वाटलं, कंटाळली असेल. मी रागावून पाजलं. त्यानंतरच्या आठवड्यात तिला पुन्हा कळ आली. ताप आला. आणि एका सकाळी पोट टम्म फुगलं, तिला हिरव्या उलट्या झाल्या आणि ती पाय पोटाशी घेऊन कण्हू लागली. दादानं तिला उचललं. फाट्यापर्यंत आम्ही बैलगाडीनं गेलो, तिथून एसटीनं नांदेडला. मला मनातून वाटत होतं, मीच पोरीला या वाटेला लावलं आणि मीच तिला संपवलं.

डॉक्टर मोहनसिंगांनी फोटो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. अरुंद जागी आतडं तुंबलं होतं. हाताला सलाइन लावलं, नाकातून नळी घालून पोटातलं ओढून काढायला सुरुवात केली. तोंडानं पाणीसुद्धा बंद. सर्जन साहेब आले, पोट दाबून पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते, पण थोडक्यात बोलायचे. "तुमचं विलायती पाणी फसलं, सिंगसाहेब. उद्या सकाळी उघडू." दादानं कागदावर सही केली.

डॉक्टर मोहनसिंग वहिनीजवळ येऊन खाली वाकले. "ताई, खरं सांगा. घरी काही खाल्लं का हिनं? मी रागावणार नाही."

"लेकराची आन, साहेब," वहिनी म्हणाली. "अन्नाचा कण दिला न्हाई. मीबी खाल्ला न्हाई."

तिच्याकडे बघून कुणालाही पटलं असतं. मला तर पटलंच. वहिनी खोटं बोलत नाही. तिला ते जमतच नाही. डॉक्टर मान हलवून निघून गेले. मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले आणि कधी नव्हे ती रडले. मेहनत केली, नेम पाळला, आणि तरी उद्या पोरीचं पोट फाडणार. मग हे सगळं कशासाठी केलं?

परत वॉर्डात आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. मिराच्या खाटेखाली बसून वहिनीनं आपली पुरचुंडी सोडली होती. तिचं दिवसाचं एकच खाणं. कोरडी भगर आणि शेंगदाण्याचा लाडू, कारण उपासाला धान्य चालत नाही. सलाइननं जरा सावरलेली मिरा कुशीवर वळली आणि तिनं खाटेवरून हात खाली केला. तळवा उघडा, काहीतरी मिळणार या खात्रीनं.

वहिनीनं तो तळवा अलगद मिटला. "आज न्हाई माय. डॉक्टरनं आज पाणीबी बंद केलंय."

मी तिथंच थांबले. "आज न्हाई म्हंजे?"

वहिनीनं वर पाहिलं. चेहऱ्यावर कुठंही चोरी नाही. "म्हंजे उद्यापरवा."

"वहिनी, तू हिला रोज काय देऊन राहिली होतीस?"

"माझ्यातलंच. चार घास भगर, शेंगदाण्याची आमटी. लाडू. मी फराळ करायची तवा लेकरू तोंडाकडं बघायचं. आमा दोघींचा उपास सारखाच की वो वन्सं."

"डॉक्टरांनी अन्न बंद सांगितलं होतं!"

"मंग? भगर काय अन्न हाय? शेंगा काय अन्न हायत? एकादशीला देवालाबी चालतंय."

मला असा संताप आला की खाटेशेजारचा तांब्या मी भिंतीवर फेकला. अख्खा वॉर्ड वळून बघू लागला. "अगं, पोटाला काय एकादशी कळती का?" मी ओरडले. "सुजलेल्या आतड्यात शेंगदाणे कोंबलेस तू!" वहिनी पांढरी पडली. तिच्या हातातला लाडू खाली पडला. आणि मग तिनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला. तिचा गुन्हा काय होता? लेकीसोबत उपाशी राहिली आणि उपासाला जे चालतं ते लेकीला दिलं. आमच्या घरातल्या शंभर वर्षांतल्या कुठल्याही बाईनं हेच केलं असतं.

नर्सबाईंनी डॉक्टरांना बोलावलं. मी सगळं सांगितलं. ते खाटेच्या कडेवर बसले आणि त्यांनी पगडीवर हात ठेवला. "आम्हा शिखांत उपास नाही," ते म्हणाले. "मला सुचलंच नाही. किती दिवस? रोज?" वहिनीनं हुंदके देत सांगितलं. त्यांनी डोळे मिटून हिशेब लावला. म्हणजे पाणी उरायला लागलं तेव्हापासूनच. पोटात भगर होती, म्हणून पोरीला पाणी जात नव्हतं. आणि शेंगदाणे अरुंद वाटेत अडकले होते.

ते तडक सर्जन साहेबांकडे गेले. त्यांचं बोलणं आम्हाला दारातून ऐकू येत होतं. "पाणी फसलं नाही, सर. पाणी तिला नीट मिळालंच नाही. थांबा."

"थांबून पोट फुटलं तर?"

"ताप वाढला, पोट कडक झालं, तर मीच तुम्हाला उठवतो. तोवर सलाइन आणि नळी."

सर्जन साहेब कुरकुरत कबूल झाले. उद्या संध्याकाळपर्यंत वाट मोकळी झाली नाही, तर कापायचं.

तो पुढचा दिवस मी विसरू शकत नाही. आम्ही तिघं त्या पोरीच्या पोटाकडे बघत बसलो होतो. डॉक्टर तासातासाला येऊन हात ठेवायचे, कानातली नळी पोटाला लावून ऐकायचे. दुपारपर्यंत काही नाही. वहिनी एका जागेवर बसून राहिली, पाणी प्यायली नाही. दादा व्हरांड्यात फेऱ्या मारत होता. दिवस कलताना मिरा कसनुसं तोंड करून म्हणाली, "आत्या, मला वारा सरला." आणि लाजली.

एका वाऱ्यासाठी मोठी माणसं अशी रडताना मी कधी पाहिली नव्हती. डॉक्टर मोहनसिंग तर चक्क हसत सुटले. थोड्या वेळानं तिला शौचाला झालं, पोट मऊ पडलं. सर्जन साहेबांनी येऊन बघितलं, "हं" केलं आणि कागद बाजूला ठेवला. पण जाताना बोट दाखवून गेले, "पुढच्या वेळी मी थांबणार नाही."

आता पहिल्यापासून सुरुवात करायची होती. पुन्हा पातळ, मग घट्ट. डबे पुरतील एवढेच होते, सांडलवंड चालणार नव्हती. पण त्याहून मोठी अडचण वहिनीची होती. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही रोज भाकरी-भाजी जेवायची. दुसऱ्या खोलीत, हिच्यासमोर नाही. तुमचा उपास सुटल्याशिवाय मी हिला घरी सोडणार नाही."

वहिनीनं हात जोडले. "नागनाथाला बोललेय साहेब. मोडला तर लेकरावर उलटंल."

"तुमच्या देवाशी मी बोलतो," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "मला मराठी येते."

तरी ती तयार होईना. दोन दिवस गेले. शेवटी दादा, जो कधी बायकोवर आवाज चढवत नाही, तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्यानं भाकरी मोडली आणि म्हणाला, "शालू, तू उपाशी हायस तवर पोरगी तुझ्याकडं हात करनार. तिला न्हाई म्हनायचं बळ तुझ्यात न्हाई. भरल्या पोटानं तरी येईल." वहिनीनं तो तुकडा घेतला. गिळताना तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. देवाला भ्यायलेलं माणूस मी पाहिलं आहे, पण देवाला भीत भीत त्याचा शब्द मोडणारं माणूस मी तेव्हाच पाहिलं.

घरी आल्यावर वहिनी वेगळीच झाली. मिरा त्या पाण्यावर होती तोवर घरच्या चुलीवर उकळत्या पाण्याखेरीज काही चढलं नाही. दादा, मी, वहिनी, आम्ही शेजारी चतुराबाईच्या पडवीत जेवायचो. हो, त्याच चतुराबाईच्या. सगळं कळल्यावर तिनंच बोलावलं. संक्रांतीला गावातली पोरं तिळगूळ घेऊन आली तर वहिनी दारात आडवी उभी राहिली. "आमच्या घरी या साली संक्रांत न्हाई," म्हणाली. मिरा आत उशीत तोंड खुपसून रडली. मला दोघींचीही दया आली. पण दिवसा धास्ती, झोपेत धास्ती. पोरगी नुसती शिंकली तरी आम्ही तिघं उठायचो. आधीसारखी कळ पुन्हा आली तर काय, हे कुणी बोलत नव्हतं आणि प्रत्येकजण तेच मोजत होता.

कळ आली नाही. ताप आला नाही. महिना भरता भरता तिच्या फ्रॉकच्या बाह्या दंडाला घट्ट झाल्या. सहा आठवडे भरल्यावर नांदेडला वजन केलं तर काटा चांगलाच पुढे सरकला होता आणि रक्ताच्या तपासणीतही सूज उतरलेली दिसत होती. डॉक्टर खूश झाले, पण लगेच बोट वर केलं. "आजार झोपलाय. गेला नाही. आता अन्न परत आणायचं, आणि तेही शहाणपणानं. आधी एकच पदार्थ. मऊ भात, मीठ घालून, दोन चमचे. तीन दिवस तेवढाच. दुखलं नाही तर थोडा वाढवायचा, मग दुसरा पदार्थ. भात वाढेल तसं पाणी कमी. एकदम पाणी बंद करायचं नाही. दूध सगळ्यांच्या नंतर. सालं, बिया, शेंगदाणे, कच्च्या भाज्या सध्या विसराच. आणि एखाद्या पदार्थानं कळ आली, तर तो बाजूला काढायचा. घाबरून सगळं बंद करायचं नाही."

पहिल्या भाताच्या दिवशी वहिनीनं तांदूळ एवढा शिजवला की त्याची पेज झाली. वाटी हातात घेऊन ती मिरापाशी बसली आणि बसूनच राहिली. "वन्सं, तुमी भरवा," ती पुटपुटली. "माझ्या हाताला यश न्हाई."

"आईनंच भरवायचं," मिरा म्हणाली. तिनं तोंड उघडून ठेवलं.

वहिनीनं चमचा उचलला. अर्धा भात फ्रॉकवर सांडला. मिरानं घास तोंडात घोळवला, डोळे मिटले, गिळला. इतक्या दिवसांनी जिभेवर मीठ आलं होतं. दुसरा चमचा तिनं चाटूनपुसून खाल्ला. दादा उंबऱ्यात बसून होता. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो, आणि तिच्या आतड्याकडे कान लावून होतो.

काही झालं नाही. मिरानं ओठ चाटले, आणि मग तिनं वाटीकडे तळवा पुढे केला. "आई, अजून दे. भूक लागली."

दोन वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. दोन वर्षं आम्ही तिच्या तोंडाजवळ घास घेऊन फिरलो आणि ती तोंड फिरवत राहिली. वाटीत भात होता. मऊ, पांढरा, निम्मी वाटी. मला स्वतःला वाटलं, एक चमचा दिला तर काय होणार आहे? दादाही पुढे झुकला होता.

वहिनी उठली. तिनं वाटी उचलली, फळीवर उंच ठेवली, वर ताट झाकलं.

"न्हाई," ती म्हणाली. "आज एवढंच. आत्याला पाणी दे म्हन."

मिरानं हातपाय आपटले, रडली, म्हणाली, "तू वाईट आई हायस." वहिनी पाठ करून उभी राहिली, फळीला दोन्ही हातांनी धरून, आणि तिचे खांदे गदगदत होते. पण ती वळली नाही.